नाव एकाचे, नांगर दुसऱ्याचा : सात-बाराच्या ‘बारा’ची गोष्ट

१/
साकीनाका म्हटले की डोळ्यांसमोर येतो अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचा वाहनांचा खोळंबा, गाळे, गोदामे आणि मेट्रोचे खांब. त्यातला ‘नाका’ सर्वांच्या परिचयाचा आहे, पण ‘साकी’ हे एक गाव होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. महसूल दप्तरात कुर्ला तालुक्यातील ‘मौजे साकी’ आजही नांदते आहे. एके काळी या परिसरात भातखाचरे होती. आजच्या धाग्याची सुरुवात याच खाचरांपासून करू, कारण त्यांच्यात एक जुना पेच दडलेला आहे : जमीन कागदावर एकाची असते आणि कसतो दुसराच, मग ‘कसणारा मी आहे’ हे त्याने सिद्ध कसे करायचे?

२/
१७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी बेट मराठ्यांकडून घेतले. पुढे कंपनी सरकारने साष्टीतील अनेक गावे मुंबईच्या धनिक व्यापाऱ्यांना कौल देऊन सोपवली. फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे पवईची जमीनदारी आली आणि बैरामजी जीजीभाई यांच्याकडे १८३० मध्ये मालाड-दहिसरकडील गावे आली. कौल ज्याच्या नावाचा तो शेठ मुंबईच्या कोटात राहायचा. चिखलात उतरून भात लावणारी माणसे मात्र गावातलीच होती. सरकारी कागदाला शेठ माहीत होता, तर बांधाला ती माणसे.

३/
दीड-दोनशे वर्षांनी हे चित्र नेमके उलटले आहे. साकीनाक्याच्या चाळींत, गाळ्यांत आणि इमारतींत आज साताऱ्यापासून मराठवाड्यापर्यंतच्या गावांतले लोक राहतात, आणि त्यांपैकी पुष्कळांचे नाव गावाकडच्या सात-बाऱ्यावर आहे. ती जमीन कसतो गावात राहिलेला भाऊ, पुतण्या किंवा एखादा वाटेकरी. पूर्वी मालक मुंबईत होता आणि साकी हे कसणाऱ्याचे गाव होते. आता मालकच साकीत आला आहे. अतिवृष्टीची मदत जाहीर झाली की पैसे येतात त्याच्या खात्यात आणि पीक गेलेले असते गावातल्या माणसाचे.

४/
असे का होते? ‘सरकारला कसणारा दिसत नाही’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. सरकारने कसणाऱ्याची नोंद ठेवण्यासाठी एक वेगळा रकाना मुद्दाम निर्माण केला होता. पुढे कायद्याने त्या नोंदीला इतके वजन दिले की ती करून देण्याचे धाडस कोणी करीना. या रकान्याचा जन्म कसा झाला, तो कसा वजनदार झाला आणि अखेर कसा मुका झाला, हे क्रमाने पाहू.

५/
प्रथम ‘खातेदार’ हा शब्द. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली आणि पुढे तीच रयतवारी मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला आणि त्यापुढे एका माणसाचे नाव लागले. सारा भरण्याची जबाबदारी ज्याची, तो खातेदार. सरकारला हवे होते सारा देणारे नाव. शेतात औत कोणाचे चालते, ही चौकशी त्या वेळच्या दप्तराला अगत्याची वाटली नाही.

६/
या उणिवेचा पहिला मोठा फटका दख्खनला बसला. कर्जात बुडालेला कुणबी सावकाराला खरेदीखत लिहून देई. खाते सावकाराच्या नावावर चढे, आणि कुणबी त्याच शेतात खंड देऊन नांगर धरून राही. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगा पेटला. त्या वेळी आणि नंतर आसपासच्या गावांत लोकांचा रोख मुख्यतः सावकाराकडच्या कागदांवर होता. रोखे आणि खते हिसकावून ती जाळण्यात आली. कागद आणि शेत यांतली दरी लोकांना किती जाचत होती, हे त्या होळीतून दिसते.

७/
त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. केवळ रोख्यावर न विसंबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास न्यायालयाने तपासावा, अशी आज्ञा या कायद्यात होती. इतिहासप्रेमींना ही कल्पना विशेष आवडावी, कारण कायदा न्यायाधीशाला सांगत होता की हातातला कागद अंतिम मानू नका, त्यामागचे घडलेले पाहा. ‘नावावर’ आणि ‘ताब्यात’ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे इथे कायद्याने मान्य केले.

८/
पाठोपाठ १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा आला. यालाच आपण ‘तगाई’चा कायदा म्हणून ओळखतो. संकटनिवारण, बियाणे किंवा बैल यांसाठी सरकारने कर्ज द्यावे, असे तो सांगतो. कोणाला द्यावे? जमिनीच्या मालकांना आणि ती धारण करणाऱ्यांना. म्हणजे शब्दांपुरता तरी केवळ मालक हाच पात्र नव्हता. गावातील अनेकांनी एकमेकांसाठी जबाबदार राहून एकत्र कर्ज घेण्याची सोयही त्यात होती. ही सोय लक्षात ठेवा, सव्वाशे वर्षांनी ती दुसऱ्या नावाने परत येणार आहे.

९/
आता आपला नायक रंगमंचावर येतो. १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये ती व्यवस्था जमीन महसूल संहितेत सामावून घेतली गेली. गावच्या हिशेबांचे क्रमांकवार नमुने ठरले. नमुना सात हक्कांचा : जमीन कोणाच्या नावे, कोणत्या प्रकारे, त्यावर बोजा कोणाचा. नमुना बारा पिकांचा : त्या वर्षी शेतात काय पेरले, किती क्षेत्रावर, आणि लागवड कोणी केली. दोन्ही एकाच कागदावर वरखाली आले आणि त्यातून ‘सात-बारा’ हा शब्द घराघरांत गेला.

१०/
सात आणि बारा यांच्या स्वभावात फरक आहे. सात बदलण्यासाठी फेरफार लागतो, नोटीस लागते आणि प्रमाणन लागते. बारा मात्र दर हंगामी नव्याने भरायचा असतो. त्यासाठी तलाठ्याने पीक पाहणी करायची. तारीख आधी गावाला कळवायची, शिवारात जायचे, गावकऱ्यांसमक्ष प्रत्येक नंबर पाहायचा आणि तिथे जे दिसेल ते लिहायचे. लागवडीची ‘रीत’ सांगणारा एक रकानाही त्यात होता. मालक स्वतः कसत असेल तर बहुधा ‘खुद्द’ असे लिहिले जाई, आणि दुसरा कोणी कसत असेल तर त्याचे नाव. थोडक्यात, सात हा हक्काचा दाखला होता आणि बारा ही शिवाराची साक्ष होती.

११/
ही साक्ष फार काळ निरुपद्रवी राहिली नाही. १९३९ च्या आणि मग १९४८ च्या कुळकायद्याने चित्र पालटले. १९४८ च्या कायद्याचे चौथे कलम महत्त्वाचे आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाईल, असे ते सांगते. मात्र त्याला काही अपवाद आहेत. कसणारा मालकाच्या कुटुंबातला असेल, रोख किंवा धान्याच्या मजुरीवरचा गडी असेल, मालकाच्या देखरेखीखालचा मजूर असेल किंवा ताबेगहाणदार असेल, तर तो कूळ नव्हे. पिकातला वाटा घेणारा मात्र या मजुरीच्या अपवादात बसत नाही. कुळाच्या कित्येक दाव्यांचा निकाल या एका फरकावर लागत आला आहे.

१२/
मग उजाडला १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची. कायमच्या कुळासाठी ती खंडाच्या सहापट होती, तर इतरांसाठी आकाराच्या वीसपट ते दोनशेपट. आकार म्हणजे सरकारी साऱ्याची रक्कम, आणि ती मुळातच थोडी असे. त्या दिवशी शेतात कोण होते, हे आता दप्तरातून शोधायचे होते. पहिला पुरावा अर्थातच नमुना बारा. कालपर्यंत पिकांची मोजदाद करणारा रकाना एका रात्रीत मालकी ठरवू लागला.

१३/
अशा रकान्यावर ओढाताण होणार हे उघड होते. कायदा येत असतानाच जमीनमालकांनी कुळांकडून ‘स्वेच्छेने’ जमीन सोडल्याचे राजीनामे घेतले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा स्वेच्छा-राजीनाम्यांबद्दल तिने गंभीर शंका नोंदवली आहे. जुने हस्तलिखित उतारे चाळताना तुम्हीही एक गोष्ट पाहा. चार-पाच वर्षांच्या ओळींत ‘खुद्द’ हा शब्द एकाच शाईत, एकाच हाताने, सलग उतरलेला दिसला, तर ती दरवर्षी शिवारात जाऊन केलेली नोंद आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

१४/
‘१९५७ होऊन गेले, आता काय?’ असे कोणी म्हणेल. पण याच कायद्यात ३२-ओ हे कलम आहे. कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही, तो स्वतः जमीन कसत असेल तर, ठराविक मुदतीत ती विकत घेण्याचा हक्क हे कलम देते. म्हणजे आज लिहून दिलेला खंडाचा कागद उद्या खरेदीच्या दाव्याला आधार होऊ शकतो. त्यामुळे गावोगावचे व्यवहार तोंडी होतात : यंदा निम्म्याने, पुढच्या वर्षी पाहू. मालक कागद देत नाही. वाटेकरी मागत नाही, कारण मागितला तर पुढच्या वर्षी शेतच मिळणार नाही हे तो जाणून असतो. कसणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या धाकाने कसणाऱ्याचे नाव कागदावरून नाहीसे झाले.

१५/
क्षणभर साकीला परत येऊ. १९५७ च्या सक्तीच्या खरेदीची कलमे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील जमिनींना लागू नव्हती. ४३-क या कलमाने त्यांना वगळले होते. कुर्ला-अंधेरीचा हा पट्टा १९५० मध्येच महापालिकेत आलेला होता. त्यामुळे गावाकडचे कूळ ज्या दिवशी मालक झाले, त्या दिवशी साकीच्या शिवारातले कूळ कूळच राहिले. साष्टीत कसणुकीच्या पुराव्याला निराळेच वळण मिळाले. जमीनदाऱ्यांसंबंधीच्या १९५१ च्या कायद्याने १४ ऑगस्ट १९५१ ही तारीख धरली. त्या तारखेपूर्वी जमीनदाराने लागवडीखाली न आणलेली किंवा वापरात न घेतलेली पडीक जमीन सरकारजमा होणार होती. म्हणजे इथे ‘जमीन कसली जात होती’ हे सिद्ध करण्याची पाळी जमीनदारावर आली!

१६/
आता पीककर्जाकडे. ‘पीककर्ज’ हा शब्द नीट पाहा, त्यात जमीन नाही. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली आणि १९५४ मध्ये अहवाल दिला. धनंजयराव गाडगीळ त्या समितीचे सदस्य होते. कर्ज जमिनीच्या तारणावर नव्हे, तर येऊ घातलेल्या पिकावर आणि पेरणीच्या गरजेवर द्यावे, हा या अहवालाचा एक महत्त्वाचा आग्रह होता. जमीन नावावर नसलेल्या कुळालाही सहकारी सोसायटीचे दार उघडावे, हा त्यामागचा विचार. कल्पनेच्या जन्मवेळी पीककर्ज हे कसणाऱ्याचे कर्ज होते.

१७/
व्यवहारात मात्र बँकेच्या आणि सोसायटीच्या टेबलावर पहिली मागणी होते सात-बारा आणि आठ-अ यांचीच. याला केवळ आडमुठेपणा म्हणता येणार नाही. एकाच शेतावर मालकाने आधीच पीककर्ज घेतले असेल आणि वाटेकऱ्यालाही दिले, तर एका पिकावर दोन कर्जे होतात. मालकाच्या कर्जाचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात दिसतो. वाटेकऱ्याचे तर नावच नाही, मग त्याच्यावर बोजा कुठे चढवणार? म्हणून मालकाचे कर्ज जिवंत असलेल्या गटावर दुसऱ्याला कर्ज मिळणे जवळजवळ अशक्य होते.

१८/
यावर रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये एक पळवाट नव्हे, तर पायवाट दाखवली. भूमिहीन, वाटेकरी आणि तोंडी कराराने कसणारे यांच्या बाबतीत स्थानिक प्रशासनाने किंवा पंचायतीने दिलेला पीक लागवडीचा दाखला बँकांनी स्वीकारावा, अशी मुभा देण्यात आली. दुसरी सोय नाबार्डने पुढे आणलेल्या संयुक्त देयता गटांची. चार ते दहा कसणाऱ्यांनी एकत्र यायचे आणि एकमेकांसाठी जबाबदार राहून, जमीन तारण न ठेवता कर्ज घ्यायचे. १८८४ ची तगाई आठवली ना? मूळ कल्पना तीच आहे : कागद नसेल तिथे शेजाऱ्याचा शब्द तारण.

१९/
एक प्रसंग कल्पनेने उभा करून हे सारे लावून पाहू. पाटण तालुक्यातील एक गट, क्षेत्र ८० आर, सोयाबीन. सात-बाऱ्यावर नाव थोरल्या काकांचे, आणि ते पस्तीस वर्षे साकीनाक्यात राहतात. कसतो पुतण्या. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि पीक निम्म्याहून अधिक गेले. मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान लागते, तेव्हा ती अट पुरी झाली. २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांप्रमाणे जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे ८० आरांचे ६,८०० रुपये. ते जमा होणार काकांच्या आधारजोडीच्या खात्यात, अंधेरी-कुर्ल्याच्या एखाद्या शाखेत.

२०/
पुतण्याने आधी उतारा नीट वाचावा. काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे असली, तर त्यांचा अर्थ ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. पूर्वी वारसनोंद करताना साऱ्या भावांऐवजी थोरल्याचे एकट्याचे नाव या शेऱ्यासह लावत. म्हणजे काका कुटुंबाच्या वतीने नोंदलेले आहेत आणि पुतण्याचे वडील त्या नावाआड दडलेले आहेत. अशा वेळी पुतण्याने वहिवाट सिद्ध करीत बसू नये. तसे करणे म्हणजे घरच्याने पाहुणा म्हणून अर्ज करण्यासारखे आहे. शिवाय कुटुंबातला माणूस कूळ ठरत नाही, हे चौथ्या कलमात आपण पाहिलेच.

२१/
त्याचा मार्ग वेगळा आहे. सात-बाऱ्यावर दिलेला फेरफार क्रमांक घ्यायचा, तो जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायचा, आणि मूळ वारस कोण कोण होते ते दाखवून सर्वांची नावे लावण्याचा अर्ज करायचा. नोटिशीची मुदत संपून नोंद प्रमाणित झाली की पुतण्याचे वडील किंवा तो स्वतः सहहिस्सेदार म्हणून दिसू लागतो. तोवर मदतीसाठी काकांचे संमतीपत्र. फोनवर तो म्हणेल, “काका, पैशाचं राहू द्या, आधी फेरफारासाठी एकदा या.” काकांनी यावे. कारण ६,८०० रुपये एका हंगामाचे आहेत, आणि नोंद झाली तर पुढच्या प्रत्येक हंगामाचे पीककर्ज पुतण्याला स्वतःच्या नावाने मागता येईल.

२२/
आता याच शेतात पुतण्याऐवजी नात्याबाहेरचा वाटेकरी आहे असे समजा. त्याच्यासाठी नियमांत जागा आहे. १९७१ च्या हक्कनोंदणी नियमांप्रमाणे पीक पाहणीत खातेदाराऐवजी दुसराच हक्क सांगून ताब्यात आढळला, तर तलाठ्याने त्याचे नाव वेगळ्या नमुन्यात, बोलीभाषेत ‘चौदा नंबरच्या फॉर्मात’, लिहून तहसीलदाराकडे पाठवायचे. दोन्ही बाजू ऐकून ताबा कोणाचा याचा निर्णय तहसीलदार देतो. तलाठ्याला आपल्या अधिकारात वहिवाटीचे नाव बदलता येत नाही. पण वाटेकरी हे करील का? तसा अर्ज म्हणजे मालकाशी उघड सामना. त्याचा परिणाम पुढच्या हंगामात शेत जाण्यात होऊ शकतो.

२३/
म्हणून त्याच्या हाती उरतात ते शिवारातले बारीक पुरावे. आधारवर घेतलेल्या युरियाची पावती, स्वतःच्या नावाची बियाण्याची पावती, बाजार समितीतली विक्रीची पट्टी, पंचायतीचा लागवडीचा दाखला, लगतच्या शेतकऱ्यांचे जबाब. पंचनाम्याच्या वेळी हजर राहून ‘प्रत्यक्ष वहिवाट’ आपली असल्याचे त्यात लिहून घेणे सर्वांत मोलाचे, कारण तो कागद नुकसानीच्या वेळचा असतो आणि त्यावर सरकारी सह्या असतात. या पावत्यांना एक मर्यादा आहे : माल कोणी विकत घेतला हे त्या सांगतात, तो कोणत्या गटात पडला हे नाही. म्हणून एकटी पावती दुबळी ठरते. तारखा जुळणारे तीन-चार कागद एकत्र आले की ते बोलू लागतात.

२४/
२०२१ च्या १५ ऑगस्टला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, आणि जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. पण अ‍ॅपमध्ये आधी खातेदार निवडावा लागतो. फोटो वाटेकऱ्याने काढला तरी पीक चढते खातेदाराच्या खात्यावर. ‘शेतात काय आहे’ याचा पुरावा कधी नव्हे इतका नेमका झाला आणि ‘कसले कोणी’ हा प्रश्न होता तिथेच राहिला. किंबहुना वाटेकरी स्वतःच्या हाताने मालकाच्या कसणुकीचा पुरावा तयार करतो. पीक विम्यातही भाडेपट्ट्याने कसणाऱ्याकडे नोंदणीकृत करार मागितला जातो, आणि तोच तर कोणी करून देत नाही.

२५/
इतरांनी काय केले? पश्चिम बंगालने १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’ राबवले. अधिकारी गावात जाऊन संध्याकाळी सभा घेत आणि सर्वांसमक्ष वाटेकऱ्यांची नावे नोंदवत, म्हणजे एकट्याने मालकासमोर उभे राहण्याची वेळ येत नसे. आंध्र प्रदेशाने २०११ च्या कायद्याने उलटा मार्ग धरला. कसणाऱ्याला एका वर्षापुरते कर्जपात्रता पत्र दिले आणि त्यातून जमिनीवर कोणताही हक्क निर्माण होणार नाही असे स्पष्ट केले. बंगालने नोंद वजनदार ठेवून वाटेकऱ्याला बळ दिले, आंध्राने नोंद हलकी करून मालकाची भीती कमी केली. तिथेही बँका कचरल्याच, कारण त्याच जमिनीवर मालकाचे कर्ज आधीच असे.

२६/
महाराष्ट्राच्या अनुभवाचे सार यात आहे. नोंदीतून मालकी मिळणार असेल, तर मालक ती होऊ देत नाही. नोंदीतून काहीच मिळणार नसेल, तर बँक तिला विचारत नाही. ‘या हंगामात हे पीक या माणसाने घेतले’ एवढेच सांगणारी आणि तेवढ्यापुरतीच मानली जाणारी नोंद म्हणजे खरे तर नमुना बाराचे मूळ रूप. १९५७ ने त्या रकान्यावर मालकीचा भार टाकला, आणि ज्या कुळांना त्यातून जमीन मिळाली त्यांच्यासाठी तो न्यायच होता. त्यांच्यानंतर आलेल्या वाटेकऱ्याच्या वाट्याला मात्र मुका रकाना आला.

२७/
सुट्टीत गावी जाल तेव्हा तहसीलमधून आपल्या गटाचा १९५० ते १९६० या काळातला जुना सात-बारा काढा. वरचा सात सगळेच वाचतात, तुम्ही खालचा बारा वाचा. तिथे ‘खुद्द’ आहे की कोणाचे नाव, आणि ते नाव कोणत्या वर्षी नाहीसे झाले, ते पाहा. मग आज त्या शेतात कोण राबतो ते घरी विचारा. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर या धाग्यातला इतिहास तुमच्याच घरात अजून चालू आहे.

(धागा समाप्त)